लाईट गेली त्या रात्रीचं परीक्षण: एक प्रकरण

पार्श्वभूमी

गोव्यात फोंडा तालुक्यातल्या एका देवळाच्या सभामंडपात पावसाळ्यातली मैफल होती. देऊळ, गायिका, पेपर, कुणाचंच नाव देत नाही, कारण सगळी मंडळी अजून एकमेकांना दर आठवड्याला भेटतात. मी तेव्हा एका छोट्या मराठी पेपरच्या डेस्कवर रात्रपाळीला होतो. परीक्षण लिहायला पाठवली होती ती एक नवीन मुलगी, वय चोवीस, गाणं थोडं शिकलेली. तिने आधी बातम्या भरपूर लिहिल्या होत्या पण परीक्षण हे पहिलंच. जागा चारशे शब्दांची. मैफल सव्वादहाला संपली, पान पावणेबाराला बंद होणार. म्हणजे घरी जाऊन चहा पिऊन विचार करायला वेळ नव्हता, देवळाच्या पायऱ्यांवर बसूनच मोबाईलवर टाईप करायचं.

गायिका जयपूर घराण्याची. आपल्याकडे हे सांगावं लागत नाही. केसरबाई इथल्याच केरीच्या, मोगूबाई कुर्डीच्या, दोघी या घराण्याचे जनक अल्लादियाखाँ यांच्या शिष्या, त्यामुळे मंडपात बसलेल्या साठीच्या पुढच्या निम्म्या लोकांना या गाण्याचं वळण कानाला माहीत असतं, भले रागाचं नाव सांगता येवो न येवो. परीक्षणाला हेच अवघड जातं बघा. वाचणाऱ्यांत काहीजण लिहिणारीपेक्षा जास्त जाणणारे आणि काहीजण आयुष्यात एकदाही बैठकीला न बसलेले, आणि दोघंही त्या रात्री तिथे नव्हते.

अडचण

तिचा पहिला मजकूर अकराला आला. पहिलं वाक्य असं: "बाहेर पावसाच्या सरी कोसळत असताना आत स्वरांच्या वर्षावात रसिक चिंब न्हाऊन निघाले." मग देवस्थान समितीचे अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, समई पेटवली ती कुणी, सूत्रसंचालन, आभार. समितीने अकरा नावांची यादी तिच्या हातातच दिली होती, ती तिने इमानदारीत सगळी घातली. मग यमन, मग बिहाग, मग एक नाट्यगीत, मग भैरवीतलं भजन. प्रत्येकासमोर एकेक विशेषण: सुरेल, भावपूर्ण, तयारीचं, हृदयस्पर्शी. साथीला अमुक आणि तमुक यांनी समर्पक साथ केली. "मध्यंतरी वीजपुरवठा खंडित होऊनही कार्यक्रमात व्यत्यय आला नाही." संपलं.

मी तिला फोन केला आणि विचारलं, लाईट गेली तेव्हा काय झालं?

ती म्हणाली, "दादा, तेच तर! लाईट गेली आणि पंखे बंद झाले ना, तेव्हा एकदम तंबोरे ऐकू यायला लागले. आधी नुसतं स्पीकरमधून घूं घूं येत होतं, आता एकेक तार वेगळी वाजतेय कळायला लागलं. समितीतले एक काका जनरेटर लावायला उठले तर बाईंनी गाता गाताच हात वर केला, नको म्हणून. आणि मागे खांबाजवळ बसलेली माणसं खुर्च्या सोडून पुढे येऊन सतरंजीवर बसली, अंधारात, कुणी सांगितलं नाही काही नाही."

मी म्हटलं, हे कुठे आहे तुझ्या मजकुरात?

गप्प. मग म्हणाली, "वहीत आहे."

या सगळ्या प्रकरणातली खरी गोष्ट ती वही. नंतर तिने मला ती दाखवली. पाच पानांत रागांची नावं, बंदिशींचे शब्द, आणि मधे वाकड्या अक्षरात, अंधारात लिहिलेलं: "९.१० पंखे बंद – तंबोरा", "हात – नको", "मागचे पुढे". म्हणजे कानाने आणि डोळ्याने नेमकं पकडलं होतं. पण लिहायला बसल्यावर तिला वाटलं परीक्षण हे परीक्षणासारखं वाजलं पाहिजे, आणि लहानपणापासून वाचलेली सगळी परीक्षणं चिंब न्हाऊनच निघत असतात. म्हणून वही बाजूला राहिली आणि तोंडपाठ शब्द आले. मला वाटतं आपल्याकडे निम्मी परीक्षणं अशीच मरतात, ऐकणं चांगलं असतं पण ऐकलेलं कागदापर्यंत पोचतच नाही.

काय काय करता आलं असतं

पाऊण तास हातात होता. फोनवरच आम्ही चार वाटा बोललो.

पहिली वाट, आहे तेच थोडं पुसून छापायचं. कुणाची तक्रार येणार नाही, समिती खूश, पण जो आला नाही त्याला काय मिळालं? कार्यक्रम झाला एवढंच, आणि ते त्याला पोस्टरवरून आधीच माहीत होतं.

दुसरी, वातावरणावर भर. पाऊस, समया, ओल्या चिऱ्यांचा वास, अंधार. हे तिला लिहिता आलं असतं, भाषा बरी आहे तिची. पण मी थांबवलं. समया आणि पाऊस त्या देवळात दर पावसाळ्यात असतात, गाणं असो नसो. नुसतं ते लिहिलं तर गायिकेच्या जागी कुणीही बसवा, परीक्षण बदलणार नाही.

तिसरी, उलटी. सगळं शास्त्र. विलंबित तीनताल, कुठल्या मात्रेवरून मुखडा, तानांचे प्रकार, आरोह-अवरोह. यातला धोका दोन बाजूंनी. न जाणणारा दुसऱ्या ओळीला पान उलटतो, आणि जाणणारा एक चूक शोधायला टपलेला असतो. लयभास्कर म्हणून ज्यांना ओळखतात ते खाप्रुमामा पर्वतकर, हातापायांनी एकाच वेळी वेगवेगळे ताल दाखवायचे अशी ज्यांची ख्याती, ते याच भूमीतले. इथे ताल चुकवून लिहिलं तर सकाळी सातला फोन येतो.

चौथी वाट तिनेच सुचवली, जरा घाबरत: "लाईट गेली ती बारा-पंधरा मिनिटंच लिहिली तर? बाकीचं दोन ओळींत?" मला ती पटली, आणि का पटली ते सांगतो. मैफलीत एखादी गोष्ट बदलते तेव्हा कलाकाराला काहीतरी करावं लागतं, आणि ते केलेलं आपल्याला दिसतं. माईक चालू असताना गायिका आवाज कसा वापरते हे सांगणं कठीण, कारण सगळं नीट चाललेलं असतं. माईक गेला की तिने काय सोडलं, काय धरलं, साथीदारांनी काय केलं, हे उघडं पडतं. कसब आणि वातावरण असे दोन वेगळे परिच्छेद लिहायची गरजच राहत नाही, कारण माणसं पुढे सरकली ती गाण्यात काहीतरी झालं म्हणून.

केलं काय

पहिलं काम, तिला टाईप करायला दिलंच नाही. आमच्या ओळखीचे एक निवृत्त मास्तर आहेत, चाळीस वर्षं एकही मैफल चुकवली नाही, त्या दिवशी गुडघ्यामुळे घरी. जागे असणार याची खात्री होती. म्हटलं त्यांना फोन लाव, मैफल सांग, आणि ते मधे काय विचारतात तेवढंच लिहून घे.

मास्तरांनी विशेषणाबद्दल काहीच विचारलं नाही हो. त्यांनी विचारलं, "बाय, माईक गेला तर आवाज मागे पोचला का?" मग, "बाईंनी मंद्र सोडला असेल, सोडला का?" मग, "तबल्याने काय केलं? डाव्या हाताचा बाया जोरात वाजला असेल तर गाणं बुडालं असणार." आणि शेवटी, "बिहागच होता, नक्की?"

चारही प्रश्न सोन्यासारखे, आणि पहिल्याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. ती पुढे स्पीकरच्या बाजूला बसली होती, मागे काय पोचलं हे तिला कसं कळणार. पण ती पायऱ्यांवरच होती, आणि तिथे फुलं विकणाऱ्या मावशी टोपली आवरत होत्या. त्यांना विचारलं. मावशी म्हणाल्या, सूर येत होते, शब्द कळत नव्हते. एवढं एक वाक्य, पण मंडप किती लांब आहे आणि आवाज किती होता दोन्ही त्यात आलं.

दुसऱ्याचं उत्तर तिला माहीत होतं, फक्त ते महत्त्वाचं आहे हे माहीत नव्हतं. लाईट जायच्या आधी बाई खालच्या सप्तकात, मंद्रात रमल्या होत्या, माईक असला की ते जमतं, हळू गायलेलं पण शेवटपर्यंत जातं. माईक गेल्यावर दोन आवर्तनांत त्या मध्य सप्तकात आल्या, मग तार षड्जाकडे, आणि बंदिशीचे शब्द कमी करून नुसत्या 'आ'वर, खुल्या आकारात गाऊ लागल्या. खालचे सूर उघड्या मंडपात दहा हातांवर विरतात, आणि शब्दांपेक्षा मोकळा आकार लांब जातो. ओरडल्या मात्र नाहीत. हार्मोनियमवाल्यांनी भाता हलका केला आणि बाईंच्या मागून मागून जाण्याऐवजी मधल्या जागा रिकाम्या सोडल्या.

तबल्याबद्दल ती म्हणाली की तबलजी बहुतेक बावरले, आधी छान भरून वाजवत होते, लाईट गेल्यावर एकदम साधा ठेका. हे तसंच गेलं. यावर पुढे येतो.

चौथा प्रश्न सगळ्यात धोक्याचा. तिच्या वहीत एका ठिकाणी होतं: "बिहाग, पण उतरताना नी वेगळा?" प्रश्नचिन्हासकट. मजकुरात प्रश्नचिन्ह गेलं आणि सरळ बिहाग आला. तिने आत जाऊन तंबोऱ्यावर बसलेल्या शिष्येला विचारलं, ती तंबोऱ्यांना गवसणी घालत होती, म्हणाली, "बिहागडा, ताई." झालं. बिहागाच्या चालीतच जाणारा, पण उतरताना मधेच कोमल निषाद दाखवणारा, या घराण्याच्या आवडीचा राग. वहीतली शंका बरोबर होती, कान बरोबर होता, फक्त तिने स्वतःच्या कानावर विश्वास ठेवला नाही. लिहिताना शंका आली तर राग विचारून घ्यावा, आणि विचारायला कुणी नसेल तर नाव न देता ऐकलं ते लिहावं. "बिहागासारखा, पण उतरताना एक सूर खाली येणारा" असं लिहिणाऱ्याला कुणी हसत नाही, छातीठोक बिहाग लिहिणाऱ्याला हसतात.

समितीच्या अकरा नावांचं काय करायचं हा दुसरा निर्णय. परीक्षणातून सगळी काढली, आणि त्यांची वेगळी छोटी बातमी करून पाचव्या पानावर लावली, फोटोसकट. हे मी आता सगळ्यांना सांगतो. नावं टाळता येत नाहीत, आपलं गाव आहे, पण बातमी आणि परीक्षण एका भांड्यात शिजवायचं नाही.

तिसरा निर्णय टीकेचा. लाईट परत आली तेव्हा साउंडवाल्याचा आवाज आधीच्याच जागी होता, त्यामुळे पहिलाच सूर फुटल्यासारखा कानावर आदळला, लोक दचकले. त्यानंतरच्या द्रुत चिजेत ताना वेगात होत्या पण तिच्या मते एकाच वळणाने खाली येत राहिल्या. लिहू का नको? बाई मोठ्या, ही नवीन, आणि आयोजकांपैकी एकजण हिच्या काकांचे शेजारी. मी म्हटलं, लिही, पण कंटाळवाण्या वगैरे म्हणू नको, काय ऐकलंस ते लिही. पटलं नाही तर वाचणारा भांडेल, पण खोटं आहे म्हणणार नाही.

साडेअकराला आलेल्या मजकुराचा मधला भाग असा होता:

"बिहागच चाललाय असं समजून मंडळी सैल बसली होती. तेवढ्यात उतरताना एक सूर नेहमीच्या जागेपेक्षा किंचित खाली आला, कोमल निषाद, आणि लगेच गेला. बिहागडा. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी मान वळवून शेजाऱ्याकडे पाहिलं. त्याच सुमारास लाईट गेली. पंखे थांबले, आणि इतका वेळ स्पीकरमध्ये नुसती घुरघुरणारी तंबोऱ्याची जोडी तार तार वेगळी ऐकू यायला लागली. जनरेटरकडे निघालेल्या कार्यकर्त्याला बाईंनी गाता गाताच हाताने थांबवलं. खालच्या सुरांतून त्या वर आल्या, शब्द सोडले, आणि मोकळ्या आकारात तो निषाद परत परत दाखवू लागल्या, दरवेळी थोडा उशिरा. मागच्या खुर्च्यांवरची माणसं अंधारात पुढे येऊन खाली बसली. बाहेर पायऱ्यांवर फुलं विकणाऱ्या मावशींना सूर ऐकू येत होते, शब्द नाही. तबलजी क्षणभर बावरले आणि साध्या ठेक्यावर आले."

"दरवेळी थोडा उशिरा" हे तिचंच, मी हात लावला नाही. जो आला नाही त्याला तो निषाद ऐकवता येत नाही, पण त्याची वाट बघायला लावता येतं, आणि या तीन शब्दांत तेवढं झालं. यमन, नाट्यगीत, भैरवी मिळून तीन वाक्यं. द्रुत चिजेवर दोन. शेवट लाईट आल्यावर दचकलेल्या लोकांवर.

काय झालं

मास्तरांनी सकाळी वाचून फोन केला, मंद्र सोडला हे आपण बरोबर ओळखलं याचाच त्यांना जास्त आनंद. समितीवाले दोन दिवस फुगून होते, परीक्षणात नाव नाही म्हणून, मग पाचव्या पानावरचा फोटो कुणीतरी दाखवला. साउंडवाल्याने काही म्हटलं नाही. गायिकेकडून काहीच आलं नाही, आणि त्यातून काही अर्थ काढायचा नाही हेही शिकावं लागतं.

तबलजींचा फोन मात्र साडेआठला आला, आणि ते चिडले होते. म्हणाले, "मी बावरलो नाही. माईक गेल्यावर बाया तसाच भरून वाजवला असता तर बाईंचा आवाज तिसऱ्या रांगेपुढे गेला नसता. म्हणून तळवा दाबून वाजवत होतो, ठेका साधा ठेवला. ते तुम्हाला कळलं नाही आणि तुम्ही लिहिलंत मी घाबरलो."

त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं. त्या पंधरा मिनिटांत सगळ्यात जास्त कसब कदाचित त्यांनीच दाखवलं होतं, स्वतःला मागे घेऊन, आणि आम्ही त्याचीच चूक करून छापली. मास्तरांनी तर बाया जोरात वाजला असेल तर गाणं बुडेल असं आधीच विचारलं होतं, उत्तर प्रश्नातच होतं, ना तिने जोडलं ना मी. दुसऱ्या दिवशी दोन ओळींचा खुलासा छापला.

आज परत करायचं झालं तर

एक शब्द काढला असता, बावरले. ऐकलं होतं ते एवढंच की ठेका साधा झाला आणि बाया दबला. तेवढं लिहिलं असतं तर जाणकाराने स्वतः ओळखलं असतं, आणि न जाणणाऱ्यालाही कळलं असतं की तबला मागे सरकला म्हणून गाणं पुढे आलं. कलाकाराच्या मनात काय चाललंय हे समोर बसून कळत नाही. गंमत म्हणजे गायिकेच्या बाबतीत आम्ही हे पाळलं, हात वर केला एवढंच लिहिलं, का केला ते लिहिलं नाही. साथीदाराच्या बाबतीत सहज गृहीत धरलं. साथीदारांबद्दल आपण एकतर समर्पक लिहितो नाहीतर चूक शोधतो, खरं म्हणजे त्यांच्याकडे बघतच नाही. शिष्येला राग विचारायला आत गेली होती, तिथेच तबलजी हातोडी-पावडर पिशवीत भरत होते, दोन पावलांवर. एक प्रश्न विचारायचा होता.

दुसरं, बसायची जागा. स्पीकरजवळ बसल्याने तिला माईकवरचं गाणं नको तेवढं मोठं आणि माईकशिवायचं गाणं फारच जवळून ऐकू आलं, म्हणजे दोन्ही वेळा मंडपातल्या बहुतेकांपेक्षा वेगळं. लाईट गेल्यावर उठून एकदा मागे खांबापर्यंत जाऊन आली असती तर मावशींवर अवलंबून राहावं लागलं नसतं. मावशी भेटल्या हे नशीब.

वेळेबद्दल मी स्वतःलाच दोष देतो. दोन ओळी कमी छापून उरलेली दहा मिनिटं विचारपूस करायला द्यायला हवी होती, मी ती मथळा घासण्यात घालवली, आणि मथळा शेवटी साधाच गेला.

पुढच्या महिन्यात त्याच तबलजींची साथ असलेली दुसरी मैफल होती. तिने आधीच फोन करून सांगितलं की येतेय. ते खूश झाले आणि तिला अगदी स्टेजच्या कडेला, बायापासून हातभर अंतरावर खुर्ची देऊन बसवलं, आता नीट बघ म्हणाले. दुसऱ्या आवर्तनाला तिच्या लक्षात आलं की इथून तबला सोडून काहीच ऐकू येत नाहीये. तिने दहा मिनिटं त्यांच्या मानाखातर काढली, आणि मग वही घेऊन मागे खांबाजवळ जाऊन बसली.